एक 'बरं' आणि इंग्रजीचे तीन रस्ते: प्रिफर, वुड रादर, हॅड बेटर

आमच्याकडे इंग्रजी पत्रं आणि ईमेल तपासायला देणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. दुकानात, गोदामात कुणालाही मोठ्यानं वाचता यावं म्हणून इंग्रजी वाक्यंही देवनागरीत दिली आहेत.

सुरुवात एका खऱ्या पत्रापासून करतो. तासगावकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांनी दुबईच्या खरेदीदाराला चार वाक्यं लिहिली होती. त्यांच्या परवानगीनं, नाव न देता, ती इथे छापतो.

"वुई प्रिफर ॲडव्हान्स पेमेंट दॅन क्रेडिट. यू हॅड बेटर सेंट द मनी बाय फ्रायडे. वुई वुड रादर यू विल सेंड इट थ्रू द बँक. लास्ट टाइम यू हॅड बेटर इन्फॉर्म्ड अस."

खरेदीदाराचं उत्तर एका ओळीचं आलं: ही धमकी समजायची का? ते उत्तर घेऊन गृहस्थ आमच्याकडे आले. आम्ही त्यांना एकच विचारलं, "लिहिताना मनात मराठीत काय होतं?" त्यांनी सांगितलं ते असं:

"आम्हाला उधारीपेक्षा आगाऊ पैसे बरे. शुक्रवारपर्यंत पैसे पाठवलेले बरे. बँकेतून पाठवलेत तर बरं. मागच्या वेळी कळवलं असतंत तर बरं झालं असतं."

चार वाक्यं, चार वेळा 'बरं'. मराठीत यातलं एकही वाक्य उद्धट नाही. गडबड पुढे झाली. प्रत्येक 'बरं' वेगळं आहे आणि इंग्रजीत त्या प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. आपण मात्र एका रस्त्यावरची क्रियापदं दुसऱ्या रस्त्यावर नेऊन सोडतो.

उधारीपेक्षा आगाऊ बरे

इथे प्रिफर बरोबरच आहे, चुकलाय तो 'दॅन'. आपल्या 'पेक्षा'ला शाळेत 'दॅन' असा अर्थ पाठ करून घेतलेला असतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण प्रिफरला 'दॅन' चालत नाही, 'टु' लागतो: "वुई प्रिफर ॲडव्हान्स पेमेंट टु क्रेडिट."

वस्तूंऐवजी कृती असतील तर दोन्ही क्रियापदांना 'इंग' लावायचं. "आय प्रिफर वॉकिंग टु टेकिंग अ बस." इथला 'टु' म्हणजे पेक्षा, त्यामुळे त्याच्यापुढे 'टेक' नाही, 'टेकिंग'. हे डोळ्यांना विचित्र दिसतं आणि पुष्कळजण खोडून 'टु टेक' करतात. कृपया करू नका. 'इंग' नकोच असेल तर वाक्य वेगळ्या पद्धतीनं बांधा: "आय प्रिफर टु वॉक रादर दॅन टेक अ बस." इथे 'दॅन' चालतो, कारण तो 'रादर'च्या सोबतीनं आला आहे.

नुसता प्रिफर ही कायमची आवड झाली. आजच्या एका प्रसंगापुरतं बोलायचं असेल तर 'वुड प्रिफर' आणि पुढे 'टु'सकट क्रियापद: "वुई वुड प्रिफर टु शिप ऑन मंडे." समोरच्यानं काही करावं असं म्हणायचं असेल तर त्याला मध्ये बसवायचं: "वुई वुड प्रिफर यू टु पे इन ॲडव्हान्स." आणि 'आय ॲम प्रिफरिंग' असं लिहू नये. 'मी पसंत करतोय' हे मराठीतही कानाला खटकतंच की.

बँकेतून पाठवलेत तर बरं

आता वुड रादर. कर्ता एकच असेल, म्हणजे माझी पसंती माझ्याच कृतीबद्दल असेल, तर फार काही नाही. पुढे मूळ क्रियापद घालायचं, 'टु' नको. "आय वुड रादर वेट." नकार असेल तर 'नॉट' रादरच्या नंतर: "आय वुड रादर नॉट वेट." तुलना असेल तर 'दॅन' आणि पुन्हा मूळ क्रियापद: "आय वुड रादर वेट दॅन सेंड वेट रेझिन्स." या वाक्यात पहिला 'वेट' थांबण्याचा आणि दुसरा ओल्याचा, पण ते असो.

खरी अडचण येते ती पसंती माझी आणि कृती दुसऱ्याची असते तेव्हा. इंग्रजी तिथे भूतकाळाचं रूप मागते, मग गोष्ट उद्याची का असेना. "वुई वुड रादर यू सेंट इट थ्रू द बँक." पैसे अजून पाठवायचे आहेत, तरी 'सेंट'. ग्राहक आम्हाला विचारतात की पुढच्या गोष्टीला मागचा काळ कसा? त्यावर आम्ही त्यांनाच त्यांचं वाक्य म्हणायला लावतो: "बँकेतून पाठवलेत तर बरं." यात 'पाठवलेत' कुठल्या काळातलं आहे? "उद्या आलात तर बरं." आलात! यायचं तर उद्या आहे. म्हणजे जे वळण इंग्रजीत परकं वाटतं ते आपण जन्मापासून बोलतोय. 'तर बरं' असं मराठी वाक्य मनात आलं की त्यातलं क्रियापद जसं आहे तसंच इंग्रजीत न्या: आलात, केम, नाही सांगितलंत, डिडन्ट टेल. "आय वुड रादर यू डिडन्ट टेल हिम" म्हणजे "त्याला नाही सांगितलंत तर बरं." व्याकरणाची वही उघडायचीच गरज नाही. 'विल सेंड' मात्र कधीच नाही.

गोष्ट होऊन गेली असेल तर मराठीत 'असतं' येतं आणि इंग्रजीत 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. "कळवलं असतंत तर बरं झालं असतं": "वुई वुड रादर यू हॅड इन्फॉर्म्ड अस." पत्रातलं चौथं वाक्य इथलं होतं. ते चुकून हॅड बेटरच्या रस्त्याला गेलं.

पाठवलेले बरे

पत्र बिघडवलं ते मात्र दुसऱ्या वाक्यानं, म्हणून इथे जरा थांबू.

आधी रूप बघू. 'पाठवलेले बरे', 'गेलेलं बरं', 'विचारलेलं बरं' ही आपली बोलायची रीत, त्यामुळे हॅड बेटरच्या पुढे 'सेंट', 'गॉन', 'आस्क्ड' असं लिहावंसं वाटतं. त्यात 'हॅड' दिसला की पुढे तिसरं रूप हवं, हेही शाळेत घोकलेलं. दोन्ही सवयी एकाच चुकीकडे ढकलतात. पण हा 'हॅड' दिसायला भूतकाळाचा असला तरी अर्थ आत्ताचा किंवा पुढचा असतो, आणि त्याच्यापुढे मूळ क्रियापद येतं: हॅड बेटर सेंड, हॅड बेटर गो, हॅड बेटर आस्क. 'टु' नाही. नकार बेटरच्या नंतर: "यू हॅड बेटर नॉट डिले." मागच्या गोष्टीबद्दल हॅड बेटर वापरायचाच नाही. तिथे 'शुड हॅव' घ्या: "यू शुड हॅव इन्फॉर्म्ड अस." हे थोडं जाब विचारल्यासारखं होतं, म्हणून खरेदीदाराला आम्ही ते सुचवलं नाही.

पण 'सेंट'चं 'सेंड' केलं असतं तरी खरेदीदार चिडलाच असता. कारण हॅड बेटरच्या पोटात नेहमी एक न बोललेलं 'नाहीतर' असतं. शुक्रवारपर्यंत पैसे पाठवा, नाहीतर... पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. याला मराठीत जवळचा शब्दप्रयोग शोधला तर 'पाठवलेले बरे' नव्हे, 'बऱ्या बोलानं पाठवा' आहे. 'बरं' इथेही आहे, पण ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. शिवाय मराठीत 'तुम्ही', 'पाठवावेत' अशी आदराची मऊ गादी खाली असते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे ती गादीही निघून जाते.

म्हणून हॅड बेटर खरेदीदाराला, साहेबाला किंवा बँकेला लिहू नका. सर्वसाधारण सल्ल्यालाही तो नाही. रोज चालावं, हिशेब वेळेवर लिहावा, याला 'शुड' पुरतो. हॅड बेटर ताज्या, डोळ्यांसमोरच्या प्रसंगासाठी आहे, जिथे न केल्यास लगेच नुकसान आहे. शेडमध्ये बेदाणा वाळतोय आणि ढग भरून आले, तर आपल्या माणसाला "वुई हॅड बेटर कव्हर द शेड" म्हणणं अगदी चोख. इथे 'नाहीतर'चा अर्थ पाऊस सांगतो, बोलणारा नाही. आणि 'यू'च्या जागी 'वुई' घेतल्यानं दम दिल्यासारखंही वाटत नाही. स्वतःबद्दल तर बिनधास्त वापरा. कुणाकडे बसला आहात आणि उशीर झाला, तर "आय हॅड बेटर गो" हे 'निघायला हवं आता' इतकं साधं आणि सभ्य आहे.

आणखी एक. बोलताना हॅड आणि वुड दोन्ही आखडून नुसता 'ड' उरतो: आय'ड बेटर, आय'ड रादर. पुढे 'बेटर' असेल तर तो हॅड, 'रादर' किंवा 'प्रिफर' असेल तर वुड. 'आय वुड बेटर गो' असं उलगडून लिहिलेली पत्रं आमच्याकडे येतात. ते इंग्रजी नव्हे. बोलण्यात तर तो 'ड'ही गळतो आणि 'यू बेटर गो' ऐकू येतं. ऐकून समजून घ्या, व्यवहाराच्या पत्रात लिहू नका.

दुरुस्त करून गेलेलं पत्र

"वुई प्रिफर ॲडव्हान्स पेमेंट टु क्रेडिट. वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द मनी बाय फ्रायडे. वुई वुड रादर यू सेंट इट थ्रू द बँक."

दुसऱ्या वाक्यातून हॅड बेटर पूर्ण काढला आणि विनंती ठेवली. चौथं वाक्य व्याकरणात बसवता आलं असतं, वर दिलंही आहे. पण पैसे मागताना जुना राग काढू नये असं आम्ही सुचवलं आणि गृहस्थांनी ते स्वतःच्या हातानं खोडलं. आधीच्या पत्राबद्दल दिलगिरीची एक ओळ मात्र वर जोडली.

आमच्याकडे पत्र देताना

जिथे 'बरं' म्हणायचं होतं त्या वाक्याशेजारी मनातलं मराठी वाक्य पेन्सिलनं लिहून द्या. 'पेक्षा बरं', 'तर बरं' की 'लेलं बरं' एवढं कळलं तरी आमचं निम्मं काम होतं. पत्र कुणाला जाणार तेही लिहा: खरेदीदार, वरिष्ठ, हाताखालचा माणूस की मित्र. हॅड बेटर ठेवायचा की काढायचा हे त्यावरच ठरतं, आणि नुसत्या वाक्याकडे बघून ते आम्हालाही सांगता येत नाही. पत्र त्याच दिवशी जायचं असेल तर सकाळीच आणून द्या.