गच्चीवर सभासदाने खासगी सामान ठेवले असेल तर सोसायटीने नोटीस कशी द्यावी: पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

गच्चीवरची अडगळ एका दिवसात जमत नाही. आधी गणपतीचे मखर येते, मग जुना पलंग, मग कुणाच्या तरी धंद्याचे सामान. कुणी काही बोलत नाही आणि मग एके दिवशी दाराला कुलूप दिसते. सोसायटी जागी होते ती तेव्हा, आणि बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करते. चिडलेला अध्यक्ष व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आठ दिवसांत सामान हलवा, नाहीतर भंगारात देऊ’ असे लिहून मोकळा होतो. पुढे प्रकरण सहकार न्यायालयात गेले तर तो संदेश समोरच्याच्या वकिलाच्या कामी येतो, सोसायटीच्या नाही.

ही माहिती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. अपार्टमेंट मालकी कायदा, 1970 खालच्या इमारतींत नियम घोषणापत्रावर आणि त्यांच्या स्वतःच्या उपविधींवर चालतात. तिथे हा मसुदा जसाच्या तसा वापरू नका.

सगळ्यात आधी गच्ची कुणाची हे ठरवा. वरच्या मजल्यावरच्या काही फ्लॅटना जोडून स्वतंत्र गच्ची असते, मंजूर नकाशात आणि करारनाम्यात तिचा उल्लेख असतो. ती सामाईक नाही. इमारतीच्या माथ्यावरची गच्ची, जिथे पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची मशीनरूम असते, ती मात्र सर्वांची. रेरा कायद्याच्या व्याख्येतही गच्च्या सामाईक क्षेत्रांत मोडतात. ‘बिल्डरने मला तोंडी दिली होती’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, म्हणून महानगरपालिकेचा मंजूर नकाशा आणि त्या सभासदाचा नोंदणीकृत करारनामा हे दोन कागद समोर असल्याशिवाय नोटिशीचा मसुदा लिहायलाच बसू नये. करारनाम्यात गच्चीचे क्षेत्रफळ वेगळे दाखवले असेल तर आधी वकिलाला विचारा. तो वेगळाच वाद आहे.

तिसरा कागद म्हणजे सोसायटीचे स्वतःचे, निबंधकांनी मंजूर केलेले उपविधी. 2014 च्या आदर्श उपविधींतला क्रमांक 169 या विषयाचा आहे. जिने, त्यांचे टप्पे, लिफ्ट, मार्गिका आणि अशा इतर सामाईक जागा कुणीही स्वतःच्या वापरासाठी अडवू शकत नाही. अतिक्रमण करणाऱ्याने जागा मोकळी करायची आणि जितका काळ अडवली तितक्या महिन्यांसाठी मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरायची. समारंभासाठी गच्ची तात्पुरती हवी असेल तर अर्ज करून, परवानगीने मिळते, ती वाटही तिथेच आहे. पण अनेक जुन्या सोसायट्यांनी 2014 चे उपविधी स्वीकारलेलेच नाहीत. त्यांच्या प्रतीत पाचपटीचे कलम नसेल तर ते दुसरीकडून उसने घेता येत नाही. क्रमांकसुद्धा आपल्याच प्रतीतला लिहायचा.

नोटीस देण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीचा आहे, सही सचिवाची. तक्रार कोणताही सभासद लेखी करू शकतो आणि समितीने ती पुढच्या सभेत घ्यायची असते. भाडेकरू मात्र आपल्या घरमालक सभासदामार्फत बोलतो. उलट बाजूने, सामान भाडेकरूचे असले तरी नोटीस सभासदाच्या नावानेच काढायची आणि भाडेकरूला प्रत द्यायची, कारण सोसायटीचे नाते सभासदाशी आहे. फ्लॅट दोघांच्या नावे असेल तर दोघांची नावे घाला. भागदाखला एकाच्या नावावर आणि राहणारा मुलगा दुसराच, अशी गल्लत होते, म्हणून सभासद नोंदवहीतले नाव आणि पत्ता पाहूनच लिहा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात कोथरूडला 20 फ्लॅटची पाच मजली इमारत आहे. पाचव्या मजल्यावरच्या 502 च्या सभासदाचा मांडवाचा व्यवसाय आहे. त्यांनी गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपांचे गठ्ठे, ताडपत्र्या आणि मोठी पातेली ठेवली आहेत. ताडपत्री पाणी जाण्याच्या जाळीवर आली आहे, त्यामुळे पावसाचे पाणी तुंबते आणि खालच्या 501 च्या छताला ओल आली आहे. गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचा, म्हणजे एकाच्या सामानाचा भुर्दंड वीस जणांवर. शिवाय दाराला त्यांचे कुलूप आहे आणि प्लंबरला टाकी बघायची तर त्यांच्याकडे किल्ली मागावी लागते.

समितीने आधी पाहणी करावी. दोन समिती सदस्य आणि एक समितीबाहेरचा सभासद, असे तिघे गच्चीवर जातात, तारखेसह फोटो काढतात आणि काय आहे, कुठे आहे, किती जागा व्यापते याची साधी टिपण करून तिघे सही करतात. टेप लावून मोजा. ‘खूप सामान’ या शब्दांना न्यायालयात काही किंमत नाही, ‘सुमारे 10 फूट बाय 12 फूट जागेत पाइपांचे गठ्ठे’ याला आहे. याच वेळी गच्चीवर आणखी कुणाचे काय आहे तेही लिहून ठेवा. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. अध्यक्षांच्या कुंड्या आणि सचिवांची जुनी सायकल तिथेच राहू देऊन एकट्या 502 ला नोटीस गेली, तर सभासद पहिल्याच उत्तरात भेदभावाचा मुद्दा काढतो आणि तो मुद्दा खराच असतो. ज्यांचे ज्यांचे सामान आहे त्या सर्वांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची नोटीस जायला हवी. परवानगी घेऊन बसवलेला सोलर वॉटर हीटर मात्र यात ओढू नका, ती साठवणूक नव्हे.

त्यानंतर जुनी इतिवृत्ते चाळा. आधीच्या समितीने परवानगी दिली असेल तर ती आधी ठराव करून मागे घ्यावी लागेल. मग समितीच्या सभेत नोटिशीचा ठराव. ठराव नसलेली नोटीस म्हणजे सचिवाचे वैयक्तिक पत्र, असे म्हणायला जागा राहते.

मजकूर असा असू शकतो:

“विषय: इमारतीच्या सामाईक गच्चीवरील खासगी साठवणूक काढून गच्ची सर्व सभासदांच्या वापरासाठी मोकळी करण्याबाबत.

महोदय, सोसायटीने दि. ____ रोजी केलेल्या पाहणीत सामाईक गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यात सुमारे 10 × 12 फूट जागेत आपले लोखंडी पाइप, ताडपत्र्या व भांडी आढळली. तसेच गच्चीच्या दारास आपले कुलूप आहे. फोटो व पाहणी टिपण सोबत जोडले आहे. मंजूर नकाशानुसार ही गच्ची सामाईक आहे. सदर वापर उपविधी क्र. ____ चा भंग ठरतो. या सामानामुळे पावसाच्या पाण्याचा निचरा अडतो व टाकीपर्यंत जाण्यास अडथळा होतो.

व्यवस्थापक समितीच्या दि. ____ च्या सभेतील ठराव क्र. ____ नुसार आपणांस कळविण्यात येते की, ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत सर्व सामान हलवावे व दाराची एक किल्ली लगेच सोसायटी कार्यालयात जमा करावी. आपले काही म्हणणे असल्यास ते याच मुदतीत लेखी द्यावे. प्रत्यक्ष सांगायचे असल्यास दि. ____ रोजी सायं. 7 वाजता समितीपुढे उपस्थित राहावे. मुदतीत पूर्तता न झाल्यास उपविधींनुसार आकारणी व कायदेशीर कारवाईचा निर्णय समिती घेईल.”

किल्लीचा मुद्दा मुदतीच्या शेवटापर्यंत ताणू नका. टाकी, लिफ्ट आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट तिथेच असते, म्हणून पहिल्याच दिवशी दुसरी किल्ली मागितली तर कुणाचा आक्षेप टिकत नाही. 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत आग-यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. परवानाधारक एजन्सीचा माणूस तपासणीला आला आणि गच्चीचे दार बंद आढळले, तर उत्तर समितीला द्यावे लागते.

नोटीस हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. सही नाकारली तर तसे दोन साक्षीदारांपुढे लिहून ठेवा आणि पोचपावतीसह टपालाने पाठवा. ईमेल आणि व्हॉट्सअॅप जोडीला ठीक आहे, एकटे नको. फाइलमध्ये तक्रार, पाहणी टिपण, फोटो, मंजूर नकाशाची प्रत, लागू उपविधीचे पान, ठरावाचा उतारा आणि पोच एवढे हवे. सभासदाने उत्तर द्यायचे तर त्याचा करारनामा, पूर्वीची लेखी परवानगी असल्यास ती आणि सामान हलवायला किती दिवस हवेत याचा अर्ज पुरतो.

आपल्या उदाहरणातले सभासद उत्तर देतात की जुन्या सचिवांनी तोंडी हो म्हटले होते आणि लग्नसराई संपेपर्यंत गोदाम मिळत नाही. तोंडी परवानगीने सामाईक जागेवर हक्क निर्माण होत नाही, पण मुदत मागणे रास्त आहे. सुनावणीत ठरते: किल्ली लगेच, ताडपत्र्या आणि जाळीजवळचे सामान तीन दिवसांत, पाइप महिनाअखेरीस. हे इतिवृत्तात लिहून त्यांची सही घ्यायची. माझ्या मते सुनावणीला आलेल्या माणसाला अशी टप्प्याटप्प्याची मुदत द्यावीच. न्यायालयात गेलेली सोसायटी यापेक्षा लवकर गच्ची मोकळी करून घेईल अशी शक्यता कमी.

महिना उलटूनही पाइप तिथेच असतील तर दुसरी नोटीस, आता आकारणीच्या हिशेबासह. देखभाल शुल्क महिना 2,400 रुपये धरले तर पाचपट 12,000 रुपये, दोन महिन्यांचे 24,000. काळ मोजताना पुरावा असलेल्या तारखेपासून, म्हणजे फोटो आणि पाहणीच्या दिवसापासून मोजा. ‘पाच वर्षांपासून’ असे लिहून लाखांचा आकडा काढला तर सिद्ध करणे सोसायटीच्या गळ्यात पडते. ही रक्कम बिलात वेगळ्या ओळीत दाखवा, देखभालीच्या थकबाकीत मिसळू नका.

त्यापुढचा रस्ता अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयाचा. दावा सुरू असताना अंतरिम आदेश मागता येतो, त्याची तरतूद कलम 95 मध्ये आहे. अनेक जण आधी उपनिबंधकांकडे जातात आणि तिथून बहुधा ‘हा वाद सहकार न्यायालयाचा’ असे उत्तर घेऊन परततात. सामानाऐवजी पत्र्याची पक्की शेड किंवा खोली उभी असेल तर तो विनापरवाना बांधकामाचाही प्रश्न होतो आणि महानगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे स्वतंत्र तक्रार करता येते.

काही गोष्टी सोसायटीने कधीच करू नयेत. स्वतःहून सामान उचलून खाली ठेवायचे नाही, विकायचे तर मुळीच नाही, चोरीची तक्रार समितीवर उलटते. 502 चे पाणी बंद करायचे नाही. नोटिस बोर्डावर नाव लावून बदनामी करायची नाही, सर्वांसाठीचे नियम लावायला हरकत नाही.

सामान हलले की पुन्हा पाहणी करा, रिकाम्या कोपऱ्याचे फोटो घ्या आणि पुढच्या समिती सभेत प्रकरण बंद झाल्याची नोंद करा. नंतर कुणी ‘भाडे घेऊन तेवढा कोपरा द्या ना’ म्हणाले तर 2014 च्या उपविधींत त्याचे उत्तर आहे: मोकळे केलेले अतिक्रमण सोसायटी ठराव करूनही नियमित करू शकत नाही.