‘कायेमामा’ फोनला का समजत नाहीत?

आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ फारसा टिकत नाही. शाळा ही शाया होते, डोळा हा डोया, आणि केळीतला ‘ळ’ तर इतका विरतो की नुसती केई उरते. त्यामुळे अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात काळे आडनावाचे मामा सगळ्यांसाठी ‘कायेमामा’ आहेत. फोनमध्ये मात्र ते ‘काळे मामा’ म्हणून साठवलेले. मोतीबिंदूमुळे मोठ्या आईला पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत, ती बोलूनच फोन लावते. ती म्हणते, “कायेमामाले फोन लाव,” आणि फोन लागतो भलत्याच मामाला. मग ती विचारते, “हा तं लहान्या मामाले लागला न! कायेमामा काहून नाही लागत?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना फोनच्या इतिहासात मागे जावं लागतं. वीस वर्षांपूर्वीच्या साध्या बटणांच्या फोनला ‘कायेमामा’ बिनचूक समजले असते.

बोललेला शब्द ओळखणारं यंत्र फोनपेक्षा बरंच आधीचं. १९५२ साली बेल प्रयोगशाळेतलं ‘ऑड्री’ नावाचं यंत्र शून्य ते नऊ हे आकडे ओळखत असे, पण ज्याच्या आवाजावर ते जुळवलेलं असे त्याचेच नीट. पुढे एक मोठी अडचण सुटली ती वेळेची. एकच माणूस तोच शब्द एकदा घाईत बोलतो, एकदा रेंगाळत, म्हणून दोन्ही ध्वनी एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. साकोए आणि चिबा या जपानी संशोधकांचा १९७८ चा निबंध या बाबतीत पायाभूत मानला जातो. त्यातली पद्धत अशी: शब्दाचे बारीक बारीक तुकडे करायचे, आणि एका उच्चाराचे तुकडे दुसऱ्याच्या तुकड्यांशी जुळवताना वेळ गरजेप्रमाणे ताणायचा किंवा आवळायचा. सगळ्यात कमी फरकात जो साठवलेला नमुना बसेल, तोच बोललेला शब्द.

जुन्या फोनमधला ‘व्हॉइस टॅग’ याच धर्तीचा. नोकिया ३३१० सारख्या फोनमध्ये आपण नंबर निवडायचा, नाव मोठ्याने बोलायचं, आणि तो आवाज त्या नंबराला चिकटायचा. नाव अक्षरांनी कसं लिहिलंय याच्याशी फोनला घेणं-देणं नव्हतं. नोकियाच्या माहितीपुस्तिकांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असे की टॅग भाषेवर नाही, बोलणाऱ्याच्या आवाजावर अवलंबून आहे. म्हणजे मोठ्या आईने ‘कायेमामा’ म्हटलं असतं तर ‘कायेमामा’च साठले असते. कोरकूतलं नाव असो की गोंडीतलं, फरक पडला नसता.

पण त्याचे जाचही होते. टॅग मोजकेच साठवता येत. नाव फार छोटं असेल तर फोन ते घ्यायला नकार देई, आणि गोंगाटात ओळख चुके. ज्याने नाव नोंदवलं त्यानेच बोलावं लागे. मोठ्या आईचा टॅग नातवाच्या आवाजाला दाद देत नसे. शंभर-दोनशे नंबरांची वही झाल्यावर प्रत्येक नाव एकेक करून शिकवत बसणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

म्हणून पुढच्या फोनांनी वाट बदलली, आणि माझ्या मते आपलं नाव इथेच हरवलं. नोकिया एन ७० सारख्या फोनात प्रत्येक नावाचा टॅग आपोआप तयार व्हायचा. फोन नावाची अक्षरं वाचायचा, त्यावरून उच्चाराचा अंदाज बांधायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज त्या अंदाजाशी ताडायचा. शिकवण्याचा त्रास संपला, कोणाचाही आवाज चालू लागला. पण आता फोनचा कान अक्षरांच्या मागे गेला होता. तुम्ही नावाला काय म्हणता यापेक्षा ते कसं लिहिता याला महत्त्व आलं.

आजचे फोन याच वाटेने पुष्कळ पुढे गेले आहेत. गूगलची बोलून लिहिण्याची सोय २०१७ साली मराठीत आली. आता फोन आधी आपलं बोलणं लिहून काढतो आणि मग ते लिखाण नंबरांच्या यादीशी जुळवतो. लिहिताना तो नुसता आवाज ऐकत नाही, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे हेही पाहतो. ‘काये’ हा शब्द त्याच्या ओळखीचा नाही, ‘काय हे’ मात्र रोजचं. आमच्या फोनच्या पडद्यावर मी स्वतः वाचलं: ‘काय हे मामाला फोन लाव’. त्यातलं ‘मामा’ एवढंच यादीत सापडलं, आणि लहान्या मामाची घंटी वाजली. ‘मामाले’चं ‘मामाला’ त्याने स्वतःहून करून घेतलं होतं.

यावरून चूक कुठे होतेय ते ताडता येतं. बोलल्यावर पडद्यावर काय उमटलं ते आधी वाचावं. तिथेच चुकीचं लिहिलं असेल तर फोनने ऐकण्यात चूक केली. लिहिलंय बरोबर, पण नंबर सापडत नाही, तर जुळवण्यात घोळ आहे. हा दुसरा घोळ नाव रोमन लिपीत साठवल्यावर होऊ शकतो. `Kale Mama` असं लिहिलं आणि फोनची भाषा इंग्रजी असली, तर `Kale` ही त्याच्या लेखी ‘केल’ नावाची पालेभाजी.

उच्चार वेगळा लिहायची जागा फोनमध्ये आहे, आणि तिचा उगम जपानी गरजेत आहे. जपानीत एकच नाव त्याच चित्राक्षरांत लिहून चार तऱ्हांनी वाचता येतं, म्हणून तिथे नावाशेजारी त्याचं वाचन वेगळं लिहितात. नंबरांच्या देवाणघेवाणीसाठी ठरलेल्या व्हीकार्ड या नमुन्यातही नावाचा उच्चार ध्वनीरूपात जोडायला `SOUND` नावाची जागा आहे. १९९८ च्या आवृत्तीत तिचा हा उपयोग नोंदलेला आहे. आपल्या अँड्रॉइडमधलं `Phonetic first name` आणि आयफोनमधलं `Pronunciation first name` हे याच विचाराचे रकाने.

मोठ्या आईच्या फोनात मी दोन गोष्टी केल्या. काळेमामांच्या नोंदीत संपादनाला जाऊन जास्तीचे रकाने उघडले. `Phonetic first name` मध्ये ‘काये’ लिहिलं आणि `Nickname` मध्ये ‘काये मामा’. मला जास्त भरवसा दुसऱ्याचा आहे, कारण उच्चाराचा रकाना काही फोन फक्त नाव वाचून दाखवायला किंवा यादी लावायला वापरतात, टोपणनाव मात्र शोधात धरलं जातं. मग दहा वेळा बोलायला लावलं. सात वेळा बरोबर लागला. तीनदा पडद्यावर पुन्हा ‘काय हे’ उमटलं, आणि तिन्ही वेळा ती ‘काये’ आणि ‘मामा’ यांच्यामध्ये थांबली होती. सलग म्हटलं की जमतं.

एप्रिल २०२१ मध्ये गूगलने आपल्या असिस्टंटमध्ये नाव बोलून शिकवण्याची सोय आणली. तुम्ही उच्चार करून दाखवायचा, तो ध्वनिमुद्रण न ठेवता उच्चार लक्षात ठेवतो. सुरुवात इंग्रजीपासून झाली. जुन्या व्हॉइस टॅगकडे असलेला कान यात थोडाफार परत येतो, आणि या वेळी त्याला यादीच्या लांबीची अडचण नाही. मोठ्या आईचा फोन मराठीवर आहे, म्हणून तिच्यासाठी सध्या टोपणनावाचा रकानाच कामाचा. परवा तिने शेजारच्या रुक्मामावशीसाठीही तो भरून घेतला. ती तिला ‘रुखमाय’ म्हणते.