सीटी रेशो 40, मग बिलात गुणक अवयव 2 कसा?

कारखान्याच्या मीटरपेटीत सीटी असते, म्हणजे केबलमधला मोठा करंट ठराविक पटीने कमी करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर. तिच्यावर 200/5 लिहिलेलं असतं. भागाकार केला की 40 येतात. महावितरणच्या बिलात चालू रीडिंग आणि मागील रीडिंगच्या शेजारी ‘गुणक अवयव’ असा रकाना असतो. रीडिंगच्या फरकाला ज्या आकड्याने गुणून युनिट काढतात तो हा आकडा, बोलताना त्यालाच एमएफ म्हणतात. तिथे कधी 40 असतात, कधी 2, तर कधी नुसता 1. मग अकाउंट्सवाले मेंटेनन्सवाल्यांना विचारतात, ते वायरमनकडे बोट दाखवतात आणि वायरमन म्हणतो, ‘सीटी रेशो म्हणजेच एमएफ.’ हे बऱ्याचदा खरं निघतं, म्हणूनच घोळ होतो.

सीटी रेशो हा फक्त सीटीचा गुण. केबलमधून 200 अँपिअर गेले की सीटी मीटरला 5 अँपिअर देते. मीटर कुठल्याही कंपनीचा असो, हा आकडा बदलत नाही. एमएफ मात्र सीटी आणि मीटर या जोडीचा असतो. मीटरने तो रेशो आपल्या हिशोबात आधीच किती धरलाय आणि किती बाकी ठेवलाय, यावर तो ठरतो. बसवलेल्या सीटीच्या रेशोला मीटरच्या पाटीवर लिहिलेल्या रेशोने भागायचं. येईल तो एमएफ.

एक लघुदाब कारखाना घेऊ. सीटी 200/5, व्होल्टेज थेट मीटरला. मीटरच्या पाटीवर नुसतं -/5 A आहे, म्हणजे मीटर सीटीतून आलेलाच करंट मोजतो, पुढचं काही धरत नाही. इथे एमएफ 40. मागील रीडिंग 1284.6, चालू 1571.4, फरक 286.8. त्याला 40 ने गुणलं की 11,472 युनिट.

आता त्याच पेटीत 100/5 पाटीचा मीटर बसवा. त्याने 20 पट आधीच धरलेत, त्यामुळे त्याच महिन्यात त्याच्या रीडिंगचा फरक 286.8 न येता 5,736 येईल. एमएफ 40 भागिले 20, म्हणजे 2. गुणाकार पुन्हा 11,472. वीज तेवढीच जळली, फक्त गुणाकाराचा थोडा भाग मीटरने केला आणि थोडा बिलाने. मीटरची पाटीही 200/5 असती तर एमएफ 1. उच्चदाबाच्या ग्राहकाकडे याच पद्धतीने पीटीचा, म्हणजे मीटरसाठी व्होल्टेज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, रेशोही हिशोबात येतो, उदाहरणार्थ 11000/110 चे 100.

हाच एमएफ kVAh ला आणि कमाल मागणीलाही लागतो. पहिल्या मीटरवर मागणी 2.12 दिसली तर बिलात 84.8 केव्हीए यायला हवी.

चूक बहुतेक वेळा लोड वाढवताना शिरते. सीटी 200/5 ची 400/5 होते, मीटर तोच राहतो आणि बिलिंगच्या नोंदीत 40 तसेच राहून जातात. बिल निम्मं येतं, आणि निम्म्या बिलाची तक्रार कोण करणार? हरियाणातल्या प्रेम कॉटेक्सचा खटला अशाच चुकीचा. 2006 मध्ये लोड सुमारे 404 वरून 765 किलोवॅट झाला, पण एमएफ 10 ऐवजी 5 धरला गेला. 2009 मध्ये चूक उघड झाली आणि सुमारे 1 कोटी 35 लाखांची मागणी आली. कारखानदाराने थकबाकी वसुलीच्या दोन वर्षांच्या मुदतीचा, म्हणजे विद्युत कायद्याच्या कलम 56(2) चा, आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती अपील फेटाळली: ही कमी आकारणी आहे, सेवेतली त्रुटी नव्हे, आणि मुदत बिल दिल्यापासून मोजायची. त्यामुळे कमी आलेलं बिल पाहून खूश होण्यात अर्थ नाही.

तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. लोड स्थिर असताना, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून, मुख्य केबलला क्लॅम्पमीटर लावायचा आणि त्याच क्षणी मीटरच्या स्क्रीनवर त्याच फेजचा करंट बघायचा. केबलवर 84 अँपिअर आणि मीटरवर 2.1 दिसले, तर 84 भागिले 2.1 म्हणजे 40, आणि बिलातही 40 हवेत. मीटरवर 42 दिसले तर 2. लोड अगदी कमी असताना हे करू नका, छोट्या आकड्यात क्लॅम्पमीटरची चूक मोठी दिसते. चालू लोडवर सीटीच्या मीटरकडच्या वायरी मात्र कुणालाही सोडू देऊ नका. सीटीची दुय्यम बाजू उघडी पडली की तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं.

तिन्ही फेज तपासायचे. तिन्हीकडे उत्तर सारखं पण बिलापेक्षा वेगळं आलं, तर एमएफची नोंद चुकली आहे. मीटर बदली अहवालातली पाटीची नोंद मागवून लेखी अर्ज द्यायचा. दोन फेजला 40 आणि एका फेजला मीटर शून्य दाखवत असेल, तर तो एमएफचा प्रश्नच नाही. एका सीटीचा करंट मीटरपर्यंत पोहोचत नाहीये आणि सुमारे एक तृतीयांश वीज मोजलीच जात नाहीये. तिथे एमएफ बदलून काही सुधारत नाही, वायरिंगच दुरुस्त करावी लागते.