सोयाबीनची काढणी आणि अकराव्या दिवसाचा पाऊस

सप्टेंबर सरत आला की लातूर-धाराशिवच्या शिवारात सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार असतो. सोयाबीन आता कापायचं की चार दिवस थांबायचं? कापलेलं पीक मळणीआधी भिजलं तर शेंगांतच कोंब फुटतात. उभं ठेवावं आणि ते जास्त वाळलं, तर शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. म्हणून माणूस मोबाइल उघडतो. तिथे उद्याचा पाऊस दिसतो आणि अकराव्या दिवसाचाही दिसतो, तोही एकाच आकाराच्या अक्षरांत: दुपारी 3 वाजता, 14 मिमी. दोन्ही आकडे एकाच गणितातून निघालेले असले तरी त्यांची किंमत सारखी नसते. ती का नसते, हे समजायला आधी ते गणित कसं मांडतात ते बघावं लागतं.

हवेचं वागणं ठरवणारे नियम ठाऊक आहेत. हवा दाबाच्या फरकाने हलते, पृथ्वीच्या फिरण्याने वळते, वर जाताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी झालं की उष्णता सुटते. ही समीकरणं कागदावर पूर्ण सुटत नाहीत, म्हणून संगणकाकडून ती तुकड्या-तुकड्याने सोडवून घेतात. सगळ्या पृथ्वीवर जाळी टाकायची, तिच्यावर उभे थर रचायचे आणि प्रत्येक खणात वारा, तापमान, दाब, बाष्प यांचे आकडे ठेवायचे. मग काही मिनिटं पुढे जाऊन प्रत्येक खणाचे नवे आकडे काढायचे, पुन्हा तेवढंच पुढे, आणि असं दहा दिवसांपर्यंत. 12 किलोमीटरची जाळी धरली तर पृथ्वीवर सुमारे 35 लाख खण बसतात. वर 64 थर घेतले की ते 22 कोटींच्या पुढे जातात. आपला बीड जिल्हा त्यात जेमतेम 75 खणांचा. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ची जाळी सुमारे 6 किलोमीटरची आहे, म्हणजे तिच्यात बीडच्या वाट्याला तीनशेच्या आसपास खण येतात.

जाळी अर्ध्यावर आणली की खण चौपट होतात. बारीक खणांसाठी वेळेची पावलंही साधारण अर्धी करावी लागतात, त्यामुळे गणित आठपट वाढतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2024 मध्ये ‘अर्का’सारखा महासंगणक आणावा लागला तो याच कारणाने.

पण जाळीपेक्षा अवघड काम त्याआधीचं आहे. गणित सुरू करताना 22 कोटी खणांत आत्ताची हवा भरायची कशी? मोजमापं एवढी नसतातच. वातावरणाचा उभा छेद देणारे फुगे जगभर मोजक्याच ठिकाणांहून, आपल्या वेळेप्रमाणे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडतात. उरलेली माहिती मुख्यतः उपग्रह देतात. पण ते तापमान थेट मोजत नाहीत, खालून येणाऱ्या किरणांवरून ते काढावं लागतं. म्हणून कोऱ्या जाळीपासून कुणी सुरुवात करत नाही. सहा तासांपूर्वी हेच गणित चालवलं होतं, त्या धावेने आत्ताच्या क्षणासाठी जे सांगितलं होतं ते पहिला तर्क म्हणून घेतात आणि मोजमापांनी ते दुरुस्त करतात.

समजा लातूरच्या वरच्या एका थरासाठी मॉडेल, म्हणजे हे संगणकातलं गणित, 30 अंश सांगतंय आणि त्याची नेहमीची चूक 2 अंशांची आहे. मोजमाप 27 अंश सांगतंय, त्याची चूक 1 अंशाची. सरळ सरासरी काढली तर कमी भरवशाच्या आकड्याला नको तेवढा मान मिळेल. म्हणून चूक जेवढी, तिच्या वर्गाच्या उलट प्रमाणात वजन देतात, म्हणजे मोजमापाला मॉडेलच्या चौपट. उत्तर येतं 27.6 अंश आणि त्याची चूक सुमारे 0.9 अंश. दोन्ही आकड्यांपेक्षा हे उत्तर चांगलं आहे, पण चूक शून्य झालेली नाही. ती कधीच होत नाही. हाच हिशोब सगळ्या खणांसाठी एकत्र करायचा, आणि वारा व दाब एकमेकांशी जुळतील हेही सांभाळायचं. हे जुळणं किती महत्त्वाचं आहे ते इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या 1922 च्या पुस्तकात दिसतं. त्यांनी हाताने आकडेमोड करून युरोपातल्या एका ठिकाणी सहा तासांत दाब 145 हेक्टोपास्कलने बदलेल असं उत्तर काढलं होतं. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. त्यांची पद्धत बरोबर होती. सुरुवातीचे वारे आणि दाब एकमेकांशी जुळत नव्हते, तिथे सगळं बिघडलं.

आता मराठवाड्याचा खरा पेच. आपल्याकडे सप्टेंबरचा बराच पाऊस गडगडाटी ढगांतून पडतो. दुपारी जमीन तापते, संध्याकाळी एका गावाला झोडपून काढतं आणि शेजारचं गाव कोरडं राहतं. असा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो. 6 किलोमीटरच्या जाळीतही तो नीट मावत नाही, कारण कुठलीही गोष्ट गणितात धड उमटायला सलग सहा-सात खण तरी लागतात. मग मॉडेल तो ढग प्रत्यक्ष घडवत नाही. खणातली उष्णता आणि बाष्प बघून ‘इथे असे ढग उठले असतील, एवढा पाऊस पडला असेल’ असं एका ठोकताळ्याने धरतं. या ठोकताळ्यांची एक जुनी खोड आहे. जमिनीवरचा पाऊस ते पुष्कळदा दिवसाच्या खऱ्या वेळेच्या काही तास आधीच पाडून मोकळे होतात. त्यामुळे ‘दुपारी 3 वाजता’ या शब्दांवर मी तर उद्याच्या अंदाजातही फार भार टाकत नाही.

एक ढग चुकला तर बिघडलं कुठे, असं वाटेल. हिशोब करून बघू. पन्नास चौरस किलोमीटरवर 30 मिमी पाऊस पडला, तर तेवढ्या बाष्पाचं पाणी होताना वर हवेत सुटलेली उष्णता सुमारे 104 कोटी युनिट विजेएवढी भरते. मॉडेलने हा पाऊस औशावर पाडला आणि खरा पाऊस केजला, पासष्ट-सत्तर किलोमीटरवर झाला, तर ही सगळी उष्णता चुकीच्या जागी ओतली जाते. तिथली हवा वर उठते, उंचावरचे वारे बाहेर ढकलले जातात, आणि दुसऱ्या दिवशी नवे ढग कुठे उठणार तेही बदलतं.

फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने दूरवर वादळ उठू शकतं, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ती ज्यांच्या नावाने सांगतात त्या हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचं त्याहून महत्त्वाचं काम मला 1969 चं वाटतं. चुका लहान आकाराकडून मोठ्या आकाराकडे कशा चढत जातात, ते त्यांनी त्यात मांडलं. ढगाच्या आकाराची चूक तासाभरात दुप्पट होते, पण तिथेच लवकर वाढून थांबते. कारण ढग पूर्णच चुकला की त्याहून जास्त चुकायला काही उरत नाही. तोवर तिने शेकडो किलोमीटरच्या आकाराला धक्का दिलेला असतो. तिथे ती सावकाश वाढते आणि आणखी मोठ्या आकाराला बिघडवते. म्हणजे जाळी जितकी बारीक करावी तितकी अंदाजाची मुदत कमी-कमी वाढते. पहिल्या सुधारणेने एखादा दिवस मिळाला तर पुढच्या सुधारणांनी काही तास, मग काही मिनिटं. त्यांची बेरीज कुठेतरी संपते, आणि लॉरेन्झ यांच्या हिशोबाप्रमाणे ती दोन-अडीच आठवड्यांत संपते. समशीतोष्ण पट्ट्यासाठी 2019 मध्ये नव्या मॉडेलांनी केलेला अभ्यासही याच सुमाराला आला. आजच्या सुरुवातीच्या चुका दहापटीने कमी केल्या तरी फार तर पाच दिवस वाढतील, असा त्याचा निष्कर्ष होता.

मोठ्या आकाराच्या चुका साधारण दीड-दोन दिवसांत दुप्पट होतात. आपल्याला जोराचा पाऊस देणारं बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र घ्या. सुरुवातीला त्याची जागा 40 किलोमीटरने चुकली आहे असं धरू. दोन दिवसांनी ती चूक 80 किलोमीटर होईल, चार दिवसांनी 160, सहा दिवसांनी 320. परभणीपासून नागपूर सरळ रेषेत जवळपास तेवढंच आहे. अशा क्षेत्राचा मोठा पाऊस बहुधा त्याच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो, म्हणून ते विदर्भावरून गेलं की दक्षिणेकडे सरकलं यावर मराठवाड्यात पूर येतो की नुसतं आभाळ भरून राहतं हे ठरतं. दहाव्या दिवशी हीच चूक 1280 किलोमीटर होते, आणि त्या आकड्याला मग अर्थच राहत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. ही क्षेत्रं जेमतेम तीन ते पाच दिवस टिकतात. आज अकराव्या दिवसाचा अंदाज काढताना तो पाऊस आणणारं क्षेत्र अजून जन्मलेलंच नसतं. ज्या हवेतून ते जन्मणार ती आज कुठेतरी हजारो किलोमीटर दूर, महासागरावर असते. ताशी 30 किलोमीटरचा वारा दहा दिवसांत 7000 किलोमीटर जातो. उद्यासाठी तेलंगण-कर्नाटकपर्यंतची हवा ठीक माहीत असली तरी बरंच भागतं. अकराव्या दिवसासाठी मात्र दक्षिण हिंदी महासागरावरची चूकही आपल्या दारात येते.

म्हणून हवामान केंद्रं एकाच धावेवर थांबत नाहीत. सुरुवातीचे आकडे त्यांच्या चुकीच्या मर्यादेत थोडे-थोडे हलवून तेच गणित अनेकदा चालवतात. 2018 पासून आपल्याकडे 12 किलोमीटरच्या जाळीवर 21 धावांची अशी पद्धत वापरात आली. समजा लातूरसाठी तिसऱ्या दिवशी 21 पैकी 18 धावा पाऊस दाखवतायत. ही माहिती वापरता येते, ताडपत्री काढून ठेवावी. अकराव्या दिवशी मात्र काही धावा कोरड्या, काही 5 मिमीच्या, एखादी 90 मिमीची असं दिसतं. गेल्या तीस वर्षांतल्या त्याच तारखेचे आकडे काढले तर तेही असेच विखुरलेले मिळतात. धावा या जुन्या नोंदींइतक्याच विखुरल्या की अंदाज संपला. त्या दिवसाबद्दल मॉडेलला कॅलेंडरपेक्षा जास्त काही ठाऊक नसतं. मोबाइलवरचे ‘14 मिमी’ हे बऱ्याचदा यातल्या एकाच धावेचं उत्तर असतं किंवा सगळ्यांची सरासरी. हे ओळखणं सोपं आहे: त्या तारखेचा आकडा रोज बघत राहा. सकाळी 14, संध्याकाळी 0, दुसऱ्या दिवशी 30 असा तो उड्या मारत असेल, तर धावा अजून एकमेकींशी सहमत झालेल्या नाहीत. तारीख चार-पाच दिवसांवर आली की तो बहुधा स्थिरावतो. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांपुरताच निघतो, त्यामागे हेच आहे.

दहा दिवसांपुढे काहीच कळत नाही असं मात्र नाही. विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारे ढगांचे मोठे पट्टे 30 ते 60 दिवसांत एक फेरी करतात, आणि मोसमी पावसाचा जोर व उघडीप काही अंशी त्यांच्या चालीवर ठरते. ही चाल संथ असल्यामुळे तिचा माग दोन-तीन आठवडे पुढेपर्यंत लागू शकतो. त्यावरूनच हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यात तारीख नसते, तालुका नसतो. आठवडा सरासरीपेक्षा ओला जाईल की कोरडा, एवढंच असतं. मजूर आणि मळणी यंत्र कोणत्या आठवड्यात सांगून ठेवायचं ते त्यावरून ठरवता येतं. विळा कोणत्या दिवशी लावायचा ते त्या आठवड्यात शिरल्यावर, पाच दिवसांच्या अंदाजावरून.