‘कर्ज मंजूर झालंय, आधी फी भरा’ असा फोन आला असेल तर

आम्ही बँकांकडून कर्ज मिळवून देतो. आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक व्हॉट्सॲपवर आलेलं मंजुरीपत्र दाखवून विचारतात, ‘हे खरं आहे का?’ पत्रावर नावाजलेल्या फायनान्स कंपनीचा लोगो आणि गोल शिक्का असतो, पण पैसे भरायचा यूपीआय कुणा व्यक्तीच्या नावावर असतो. आधी फाईल चार्ज, मग इन्शुरन्स, मग जीएसटी. मागणी काही थांबत नाही.

वैयक्तिक कर्जाची प्रोसेसिंग फी सहसा कर्जातूनच कापली जाते. 3 लाखांवर 2 टक्के फी म्हणजे 6,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080. खात्यात 2,92,920 जमा होतात. गृहकर्जाला काही बँका सुरुवातीला लॉगिन फी घेतात हे खरं, पण ती बँकेच्याच खात्यात जाते आणि पावती मिळते. पैसे गेलेच असतील तर आमच्याकडे यायच्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सिबिल ‘साफ’ करून देणाऱ्यांमुळे मात्र आमचाही वेळ जातो. समजा, क्रेडिट कार्डाचे 48,000 थकले होते, बँकेने 30,000 वर तडजोड केली आणि 18,000 सोडले. रिपोर्टमध्ये त्या खात्यावर ‘सेटल्ड’ शेरा लागतो. एजंट 12,000 घेतो, तुमच्याकडून ओटीपी मागतो आणि तुमच्याच लॉगिनमधून ‘ही नोंद चुकीची आहे’ अशी तक्रार टाकतो. ही तक्रार कुणालाही फुकट करता येते. सिबिल ती बँकेकडे पाठवतं, बँक ‘नोंद बरोबर आहे’ म्हणते, शेरा जागच्या जागी राहतो. तोवर खात्यावर तक्रार चालू असल्याचं दिसतं आणि नवी बँक फाईल बाजूला ठेवते. म्हणून सांगतो, ओटीपी कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

खरा मार्ग असा: कार्डाच्या बँकेला लेखी विचारा, सोडलेले 18,000 भरू द्याल का. बँक तयार झाली तर पैसे भरून नो ड्यूज पत्र घ्या आणि सिबिलकडे ‘क्लोज्ड’ कळवायला सांगा. उशिरा भरलेल्या हप्त्यांचा इतिहास तरीही राहतो. तो कुणीच पुसू शकत नाही. नोंद खरोखर चुकीची असेल, म्हणजे दुसऱ्याचंच कर्ज तुमच्या नावावर दिसत असेल, तर मात्र तक्रार जरूर करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

‘तुम्ही चार दिवस लावता, तो एजंट तासात सांगतो,’ असं आम्हाला ऐकवलं जातं. आम्ही रिपोर्टमधलं एकेक खातं तपासूनच फाईल लावतो, कारण नामंजूर झालेल्या प्रत्येक अर्जाची चौकशीही रिपोर्टवर उमटते. आमचं कमिशन कर्जवाटप झाल्यावर बँक देते. तुमच्याकडून आम्ही काही घेत नाही. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो स्वतः डाउनलोड करून प्रिंट घेऊन या, आपण समोर बसून वाचू.