स्वयंपूर्ण व्हीआर हेडसेट : आतली चिप आणि संगणकाची जोड

स्वयंपूर्ण व्हीआर हेडसेट म्हणजे ज्याचा प्रोसेसर, बॅटरी आणि कॅमेरे डोक्यावरच असतात असे आभासी वास्तवाचे उपकरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला मेटा क्वेस्ट ३ हे त्याचे परिचित उदाहरण. त्यात स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २ ही चिप आणि ८ जीबी रॅम आहे. हाच हेडसेट वायरने किंवा वायफायने गेमिंग संगणकालाही जोडता येतो. मग आतली चिप पुरते की संगणक लागतोच, हा प्रश्न कोल्हापुरात गेम खेळणाऱ्या पोरांइतकाच शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींनाही लागू आहे. साच्याला आकार देणारा पॅटर्न, आतली पोकळी राखणारा कोअर आणि गोठताना धातूची भर पुरवणारा रायझर खऱ्या मापात डोळ्यांसमोर उभे राहिले, तर चूक धातू ओतण्याआधी सापडू शकते. ही नोंद त्याच कामापुरती आहे.

क्वेस्ट ३ ची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची आहे आणि ती साधारण सव्वादोन तास चालते. म्हणजे पडदे, कॅमेरे, पंखा आणि चिप असा सगळा संसार ९ वॉटच्या आसपास चालतो. संगणकातले आरटीएक्स ४०६० हे मधल्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड एकटेच ११५ वॉटपर्यंत खाते. ही तफावत कुठल्याही सेटिंगने भरून निघत नाही. पण चिपला संगणकाची बरोबरी करायचीच नसते. सेकंदाला ७२ चित्रे दाखवायची, तर एका चित्राला १३.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात दोन्ही डोळ्यांचे दृश्य काढून झाले की तिचे काम भागले.

समजा, पंपाच्या केसिंगचा साचा कोअरसकट पाहायचा आहे. कॅडमधली फाइल त्रिकोणांच्या जाळीत उतरवली की बारीक गोलाई आणि आटे धरून ती सहज ४० लाख त्रिकोणांवर जाते. ती तशीच हेडसेटवर चढवली, तर मान वळवताना दृश्य थरथरते आणि पाहणाऱ्याला गरगरते. आता बोल्टचे आटे काढून टाकले, न दिसणारे आतले पृष्ठभाग उडवले, एकाच रंगाचे सुटे भाग जोडून एक केले आणि सावल्या आधीच पृष्ठभागावर छापून ठेवल्या. जाळी ६ लाख त्रिकोणांवर आली की तीच चिप हे काम सहसा निभावून नेते. रायझर कुठे बसतो हे पाहायला आट्यांची गरज नसतेच. चिप पुरते ती अशी, कुणीतरी मॉडेल आधी हलके करून दिलेले असते म्हणून. हा वेळ हिशेबात न धरता केलेली तुलना मला अपुरी वाटते.

अंदाजावर राहण्याचे कारण नाही. हेडसेट डेव्हलपर मोडमध्ये, अँड्रॉइडचे adb हे साधन असलेल्या संगणकाला जोडून त्या संगणकावर ही आज्ञा द्यावी :

```
adb logcat -s VrApi
```

दर सेकंदाला एक ओळ येते. `FPS=72/72` आणि `Stale=0` दिसत असेल तर सारे ठीक. `Stale` चा आकडा वाढत असेल तर नवे चित्र वेळेत तयार होत नाही आणि जुनेच पुन्हा दाखवले जात आहे. `App` पुढचा आकडा ग्राफिक्सला लागलेला वेळ सांगतो, तो १३.९ च्या वर गेला की मॉडेल जड आहे. ही तपासणी थंड केबिनमध्ये करून भागत नाही. एप्रिल-मेमध्ये भट्टीजवळ चिप तापते, वेग उतरवते आणि सकाळी नीट चाललेले मॉडेल दुपारी अडखळू शकते.

धातू गोठण्याच्या सिम्युलेशनचे पारदर्शक थर एकावर एक पाहायचे असतील, तर मात्र संगणक हवा. पारदर्शक थरांत प्रत्येक बिंदू पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो आणि मोबाइल जातीची चिप तिथे दमते. डिझाइन तासातासाला बदलत असेल, तरीही तेच; दर वेळी जाळी हलकी करत बसायला सवड कुणाला आहे?

पण संगणक जोडला म्हणजे चिपला सुट्टी मिळत नाही. एका डोळ्यासमोर २०६४ × २२०८ बिंदू असतात. दोन डोळे, २४ बिट रंग आणि ७२ चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे १५.७ गिगाबिट माहिती होते, तर साधी यूएसबी ३ वायर ५ गिगाबिटची. म्हणून संगणक चित्र दाबून व्हिडिओसारखे पाठवतो आणि ते उलगडण्याचे काम हेडसेटच्या चिपकडेच राहते. मान कुठे वळली हेही तीच ठरवते. या दाबण्या-उलगडण्यात थोडा उशीर होतो आणि बारीक रेषा पुसट होतात. वायफायवर चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील, तर आधी संगणक स्वतःच वायफायवर आहे का ते पाहावे. संगणक ते राउटर लॅन वायर आणि फक्त राउटर ते हेडसेट ५ गिगाहर्ट्झ वायफाय, अशी मांडणी लागते.

वायर लावली की चार्जिंगही होईल, हा समज ग्राहकासमोर अंगाशी येतो. साधा यूएसबी ३ पोर्ट ४.५ वॉटच देतो, हेडसेट त्याच्या दुप्पट खातो, आणि वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते.