‘तिथीने तुझा वाढदिवस उद्याच आहे’: एका माफीची पार्श्वभूमी

माझा जन्म 10 एप्रिल 1986 चा, त्या दिवशी गुढीपाडवा होता. 2021 मध्ये 10 एप्रिलला शनिवार होता, शनिवार-रविवारची कडक टाळेबंदी होती आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा दिवसभर फोन आला नाही. सोमवारी दुपारी हा मेसेज आला:

‘स. न. वि. वि. पत्रास कारण की, शनिवारी आपला वाढदिवस झाल्याची खात्रीलायक बातमी आज दुपारी दीड वाजता भांडी घासताना माझ्यापर्यंत पोहोचली. तातडीने भिंतीवरचं कालनिर्णय तपासलं. तू पाडव्याची आणि पाडवा उद्या! म्हणजे मी दोन दिवस उशिरा नाही, एक दिवस आधी आहे. बाकीच्या मंडळींनी उगाच घाई केली. पहिली शुभेच्छा माझीच, अशी नोंद व्हावी. चू. भू. द्या. घ्या.

शनिवारी आईच्या बोटाला लावलेल्या त्या यंत्रातल्या आकड्यांकडे बघत बसले होते गं. आता बरी आहे. तारीख कुठली, वार कुठला, काही कळत नव्हतं. पण काकूंचं श्रीखंड यंदा नाही, हे मात्र रोज आठवत होतं.’

मी आधी खूप हसले आणि मग तिला फोन लावला. हा मेसेज अजून जपून ठेवला आहे. त्यातली गंमत मराठी माणसाला लगेच कळते, कारण ती आपल्याकडच्या दोन वाढदिवसांच्या जुन्या व्यवहारातून आली आहे.

आपल्या घरांमध्ये वाढदिवस मुळात तिथीचा. पत्रिकेत शक, मास, पक्ष, तिथी लिहिलेली असायची आणि आईच्या लक्षात ती सणाच्या आधाराने राहायची: ‘हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा’, ‘ही रथसप्तमीची’. सण आला की वाढदिवस आपोआप आठवायचा. सकाळी अंघोळ, पाटावर बसवून तुपाच्या निरांजनाने औक्षण, जेवायला काहीतरी गोड, एवढाच सोहळा. वाढदिवस घरातच व्हायचा, त्यामुळे तो लक्षात ठेवणं हे घरचंच काम होतं. मित्राने तो लक्षात ठेवावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती आणि म्हणून विसरल्याची माफी मागण्याचाही प्रश्न नव्हता.

तारीख आली ती शाळेच्या दाखल्यातून आणि सरकारी अर्जांतून. ज्या मुलांच्या जन्माची नोंद नव्हती त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी सरळ 1 जून लिहून टाकला, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वयाचा हिशेब सोपा जायचा. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा कागदावरचा वाढदिवस आजही 1 जून आहे. अशा माणसाला 1 जूनला शुभेच्छा दिल्या तर तो मनापासून आभार मानतो, पण त्याची आई मात्र श्रावणात कधीतरी त्याला ओवाळत आलेली असते. तिथी की तारीख हा प्रश्न आपल्याकडे शिवजयंतीपर्यंत पोहोचलेला आहे: सरकारी जयंती 19 फेब्रुवारीला आणि कितीतरी गावांत फाल्गुन वद्य तृतीयेलाही.

आता तिच्या सबबीचं गणित. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. त्यामुळे तिथी दर वर्षी तितकी अलीकडे सरकते आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना आला की एकदम पुढे ढकलली जाते. 2020 मध्ये पाडवा 25 मार्चला होता. त्या वर्षी अधिक आश्विन आला, म्हणून 2021 चा पाडवा थेट 13 एप्रिलवर गेला, माझ्या तारखेनंतर तीन दिवसांनी. मेसेज आला तो दिवस 12 एप्रिल, सोमवती अमावस्या. तिचं ‘एक दिवस आधी’ पंचांगाप्रमाणे अगदी बरोबर होतं.

ही सबब दर वर्षी चालत नाही, हे मी नंतर बसून पाहिलं. 2022 चा पाडवा 2 एप्रिलला, 2023 चा 22 मार्चला, 2025 चा 30 मार्चला. या वर्षांत ती 10 एप्रिल विसरली असती तर तिथीही कधीच उलटून गेली होती, म्हणजे चूक दुप्पट झाली असती. तारीख आणि तिथी साधारण 19 वर्षांनी पुन्हा जवळ येतात, कधी तंतोतंत तर कधी एखाद्या दिवसाच्या फरकाने: माझ्या जन्मवर्षी पाडवा 10 एप्रिलला, 2005 मध्ये 9 एप्रिलला, 2024 मध्ये पुन्हा 9 एप्रिलला. तिथीचा आधार घ्यायचाच असेल तर आधी कालनिर्णय बघावं, कारण समोरच्याच्या घरी एखादी आजी ते नक्की बघते.

कालनिर्णय 1973 मध्ये निघालं आणि तारीख-तिथी एकाच चौकोनात घेऊन घरोघरी भिंतीवर आलं. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची खूण आणि वाढदिवस हे सगळं त्याच चौकोनांत लिहिलं जायचं. डिसेंबरअखेर जुन्या पानांवरचे वाढदिवस नव्या पानांवर उतरवण्याचं काम आमच्याकडे बाबा करत. पुढे फेसबुक वाढदिवसाची आठवण करून देऊ लागलं आणि हे उतरवणं थांबलं. मग ज्यांनी तिथे जन्मतारीख लपवली किंवा खातंच बंद केलं, ती माणसं सगळ्यांच्या आठवणीतून एकदम निसटली. मी त्यांच्यातलीच. लांबच्या ओळखीच्यांना न चुकता शुभेच्छा जातात आणि रोज बोलणारी मैत्रीण राहून जाते, ते यामुळेच. जिच्याशी रोज बोलतो तिची तारीख वेगळी लिहून ठेवावी असं कुणाला वाटतच नाही.

माफीचा मजकूर इतका ऐसपैस झाला तोही अलीकडेच. शुभेच्छांच्या तारेत ठरावीक वाक्यांना क्रमांक असत. क्रमांक लिहून दिला की पलीकडे छापील वाक्य पोहोचायचं, त्यात विसरल्याचं कारण सांगायला जागा नव्हती. मग एसएमएस आला. त्यात रोमन लिपीत 160 अक्षरं मावत आणि देवनागरीत जेमतेम 70, तीही काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणून आमच्या कॉलेजच्या दिवसांत माफी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, दोन शब्दांत उरकली जायची. फोनवर देवनागरी सहज लिहिता येऊ लागली आणि अक्षरं मोजायची गरज संपली, तेव्हा पत्रातलं ‘स. न. वि. वि.’ परत आलं. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. सोबत हिशेबाच्या वहीतलं ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ही आलं.

मैत्रिणीला उद्देशून हे लिहिलं की हसू येतं, कारण जिला ‘तू’ म्हणतो तिला अचानक ‘आपला’ म्हटलेलं असतं. माझ्या मैत्रिणीचं मला आवडतं ते हे की तिने तो दरबारी थाट पहिल्या परिच्छेदातच संपवला. दुसऱ्यात ती ‘गं’ वर आली. सबब आधी, कारण नंतर, असा तो क्रम होता. आईच्या आजारपणाने सुरुवात केली असती तर मला हसताच आलं नसतं आणि तिलाही मला हसवायचंच होतं. बहुतेक माफ्या फसतात त्या इथे: गंमत शेवटपर्यंत ताणली जाते आणि खरं कारण सांगायचं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी सहा वाजता तिचा व्हिडिओ कॉल आला. तिने पडद्यासमोरच निरांजन ओवाळलं. मागे पलंगावर तिच्या आई उशीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी हात हलवला.